खातं उघडायच्या फॉर्ममध्ये विम्याचा फॉर्म: इंदूरमधला अनुभव

माझी आत्या इंदूरला रामबागेत राहते. आतोबा गेल्यावर मिळालेले ५ लाख रुपये एफडीत ठेवायचे म्हणून ती एका बँकेत नवीन खातं उघडायला गेली. काउंटरवरचा मुलगा मराठी बोलणारा निघाला, त्यामुळे तिला फार धीर आला. तिथे झालेलं बोलणं मी तिला विचारून विचारून लिहून घेतलं आहे, कारण ती नेमकी कुठल्या उत्तराला फसली हे इतरांना कळायला हवं.

आत्या: बाळा, हा फॉर्म जरा समजावून सांग. हे बारीक इंग्रजी मला वाचता येत नाही.

क्लार्क: काकू, हे नाव-पत्ता, हे पॅन-आधार. इथे नॉमिनी म्हणून तुमच्या मुलाचं नाव लिहिलंय. खाली सही करा.

आत्या: आणि ही पुढची पानं कसली?

क्लार्क: ती एफडीचीच. ४ लाख साध्या एफडीत, १ लाख जास्त व्याजाच्या स्पेशल एफडीत.

आत्या: मध्येच गरज पडली तर काढता येतील ना?

क्लार्क: हो हो, कधीही.

आत्या: यात उंची-वजन कशाला विचारलंय?

क्लार्क: या एफडीवर विमा फ्री असतो, म्हणून. आणि उद्या एक फोन येईल. सगळ्याला ‘हो’ म्हणा, नाहीतर एफडी अडकेल.

आत्याने प्रश्न अगदी योग्य विचारले होते. उंची-वजन, घरच्यांचे आजार, धूम्रपान हे बचत खात्याच्या किंवा एफडीच्या फॉर्ममध्ये कधीच विचारत नाहीत. ते आयुर्विम्याच्या प्रपोझल फॉर्ममध्ये असतं. दुसऱ्या दिवशीचा फोनही विमा कंपनीचाच होता. पॉलिसी देण्याआधी ‘हप्ता किती, किती वर्षं भरायचा, हे तुम्हाला समजलंय ना’ असं विचारून ते उत्तर रेकॉर्ड करतात. आत्याने सांगितल्याप्रमाणे सगळ्याला ‘हो’ म्हटलं.

काही दिवसांनी कुरियरने जाड पाकीट आलं तेव्हा तिने मला बोलावलं. आत पॉलिसी होती: दरवर्षी १ लाख रुपये हप्ता, १० वर्षं. म्हणजे जिच्याकडे एकूण ५ लाख आहेत, तिच्याकडून १० लाख घ्यायचा करार! सोबत प्रपोझल फॉर्मची प्रत होती. त्यात तिचं वार्षिक उत्पन्न ८ लाख लिहिलेलं. प्रत्यक्षात तिला फक्त कुटुंब पेन्शन मिळते. आणखी एक कागद होता, दरवर्षी हप्ता खात्यातून आपोआप कापून घ्यायच्या परवानगीचा. त्यावरही तिची सही.

त्या प्रतीतला एक चौकोन मी तुम्हाला मुद्दाम सांगते. अर्जदाराची सही इंग्रजीत नसेल, तर अशा फॉर्मवर समजावून सांगणाऱ्याला लिहून द्यावं लागतं की, मी यातला मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावला आहे. आत्याची सही मराठीत, आणि त्या चौकोनात त्याच मुलाची सही! ती प्रत घेऊन आम्ही मॅनेजरांना भेटलो.

मी: साहेब, आत्याला ही एफडी म्हणून सांगितली होती. आम्हाला पॉलिसी रद्द करायची आहे.

मॅनेजर: निदान दोन हप्ते भरा, मग बघू. आता रद्द केलीत तर सगळे पैसे बुडतील.

मी: पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. फ्री-लुकचा नियम पॉलिसीच्या पहिल्याच पत्रात छापलाय. हे कुरियरच्या तारखेचं पाकीट.

मॅनेजर: ठीक आहे, अर्ज ठेवून जा.

मी: दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का मारून द्या, मग ठेवते.

शिक्का मिळाला. तोच अर्ज आम्ही विमा कंपनीला ई-मेलनेही पाठवला. अर्जात कारण स्पष्ट लिहिलं: एफडी सांगून विमा दिला, उत्पन्न खोटं लिहिलं. हप्ता कापायची परवानगी रद्द करायचा अर्ज बँकेत वेगळा दिला; पॉलिसी रद्द झाली तरी ती आपोआप थांबेल असं धरून चालू नका. स्टॅम्प ड्यूटी आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च वजा होऊन बाकीचे पैसे आत्याच्या खात्यात परत आले.

पाकीट आत्याने न उघडता कपाटात ठेवलं असतं तर ३० दिवस निघून गेले असते. तसं कोणाचं झालं असेल, तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रारीसोबत प्रपोझल फॉर्मची प्रत नक्की जोडा आणि त्या फोनचं रेकॉर्डिंग कंपनीकडून लेखी मागून घ्या. आत्याच्या बाबतीत खोटं उत्पन्न आणि त्या मुलाची सही, दोन्ही त्या प्रतीतच सापडली होती.