सीएनआर उघडला म्हणून स्टे खरा मानला, ₹47,500 गेले

चुलतभावाने सामाईक जमीन विकायला काढली होती. कोर्टात कारकून म्हणवणाऱ्या एका माणसाने दावा दाखल करून मनाई हुकूम आणून देतो असं सांगितलं. दाव्याचे म्हणून ₹15,000, ऑर्डर ‘झाल्यावर’ ₹25,000 आणि नकलेचे ₹7,500 घेतले. कागदावर शिक्का होता, निशाणी 5 वरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा आदेश होता, वादी म्हणून माझं नाव होतं. कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र सीएनआर नंबरही होता.

मी न तपासता पैसे दिले नाहीत, हे आधी सांगतो. services.ecourts.gov.in वर नंबर आणि कॅप्चा टाकला. प्रकरण उघडलं. न्यायालय तेच, न्यायाधीशांचं पदही तेच. एवढं पाहून मी मोबाइल खाली ठेवला. खाली पक्षकारांची नावं होती, तिथपर्यंत बोट सरकवलंच नाही! आजही ते आठवलं की झोप उडते.

सोळा अक्षरांच्या त्या नंबराचे शेवटचे चार आकडे म्हणजे दाखल झाल्याचं वर्ष. माझ्या कागदावर 2019 होतं, आणि माझा दावा तर 2024 चा. ते प्रकरण दुसऱ्याच लोकांचं, 2021 मध्येच निकाली निघालेलं. निकाली प्रकरणात 2024 ला अंतरिम स्टे कुठून येणार? हे मला चुलतभावाच्या वकिलाने दाखवलं, तेही तलाठ्यासमोर. तोवर खरेदीखत नोंदवून झालं होतं.

नंबर सापडणं म्हणजे काहीच नाही. खऱ्या प्रकरणाचा नंबर खोट्या कागदावर कुणीही टाकतो. दोन्ही बाजूंची नावं जुळवा. मग केस हिस्टरीत ऑर्डरची तारीख शोधा. त्या तारखेवर क्लिक केलं की त्या दिवशीचं कामकाज दिसतं. ती तारीखच नसेल तर पैसे देऊ नका. ऑर्डरची पीडीएफ चढायला कधी उशीर होतो, त्यामुळे ती दिसत नाही एवढ्यावरून कागद खोटा ठरवू नका. पण तारीख, नावं आणि प्रकरणाची स्थिती हे सगळंच विसंगत असेल तर उशिराची सबब ऐकून घेऊ नका. ‘साइट अपडेट नाही’ हे मला तीनदा ऐकवलं होतं.

पोलीस ठाण्यात म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. कोर्टात म्हणाले, हा आमचा कागदच नाही, पोलिसांत जा. दोन महिने हेच! न्यायालयाचा खोटा दस्तऐवज बनवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 337 खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे मी ठाण्यात वाचून दाखवलं. तरी अर्जावर फक्त पोच मिळाली. दिवाणी बाब असेल तर तो शिक्का कुणी बनवला?

नंबर हाताशी नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा. प्रलंबित आणि निकाली दोन्ही निवडा, नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने टाका. आणि प्रमाणित प्रत मध्यस्थाकडून घेऊ नका, नक्कल विभागात स्वतः किंवा तुमच्या वकिलामार्फत अर्ज करा. मी पहिल्याच दिवशी तिथे गेलो असतो, तर असा दावाच नाही हे तिथेच कळलं असतं.