अभिप्राय: छाटायचा की नव्याने लिहायचा?

अभिप्रायाच्या व्हिडिओसाठी विचारल्यावर ग्राहकाचं मूळ उत्तर: “म्हणजे, आधी हिशेबाला दोन-तीन तास जायचे, आता ते… तासाभरात होतं, बहुतेक वेळा.”

छाटून: “आधी हिशेबाला दोन-तीन तास जायचे. आता बहुतेक वेळा तासाभरात होतो.”

नव्याने लिहून: “माझा रोजचा निम्म्याहून जास्त वेळ वाचतो!”

दुसरं कानाला गोड लागतं, पण ‘रोज’ कुठून आलं? ‘बहुतेक वेळा’ गळलं, आणि दोनाचा एक तास झाला तर बचत निम्मीच. मी छाटणंच निवडेन; अडखळणं काढावं, अट नाही.

उत्तर फारच विस्कळीत असेल तर नव्याने लिहावं लागतं. तेव्हा प्रत्येक दावा मूळ रेकॉर्डिंगशी ताडावा आणि ओळी चित्रीकरणाआधी ग्राहकाकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. जिथे तो “असं मी म्हणालो नव्हतो” म्हणेल, ते वाक्य काढायचं.