वेळ लावून पाठवायचा मेसेज: काही महिने वापरल्यावर

फोनबरोबर आलेल्या मेसेजच्या अ‍ॅपबद्दल लिहितोय. माझं वय बहात्तर, हयात आठवी-नववीला गणित शिकवण्यात गेली. रात्री नऊला झोपतो आणि झोपताना फोन बंद करतो. हिच्या वाढदिवसाला रात्री बाराच्या ठोक्याला शुभेच्छा द्यायची नातवंडांची पद्धत आहे. यंदा त्यांच्या आधी आपला मेसेज जावा असं मनात आलं. पण बारापर्यंत जागं कोण राहणार?

शेजारची पूर्वा अकरावीत आहे. तिने दाखवलं: मेसेज लिहा, पाठवायचा बाण दाबून धरा, `Schedule send` असं येईल, तारीख-वेळ निवडा. एसएमएसच निवडला, कारण ही रात्री नेट बंद करून झोपते.

आता खरी तक्रार. तारीख निवडली, वेळ निवडली, खाली होकाराचं बटण दाबलं. कोणालाही वाटेल, झालं काम. तर नाही! मग पुन्हा तो बाण दाबायचा. तो दाबला नाही तर मेसेज लिहिण्याच्या चौकटीत तसाच पडून राहतो आणि वेळ टळून जाते. पाच मिनिटं पुढची वेळ लावून आमच्या जुन्या बटणाच्या फोनवर मेसेज पाठवून पाहत होतो, म्हणून हे लक्षात आलं. बाण दुसऱ्यांदा दाबला की मेसेज संभाषणात जाऊन बसतो आणि शेजारी छोटं घड्याळ दिसतं. ते घड्याळ दिसेपर्यंत काहीही झालेलं नाही असं समजा. उत्तर काढून झाल्यावर विद्यार्थ्याला ‘आता पुन्हा उत्तर लिही’ म्हणण्यातला प्रकार आहे हा. अशी रचना करणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

त्या बटणाच्या फोनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन उमटले, पण मेसेज पोहोचला एवढं कळलं.

पुढची भानगड पैशांची. माझ्या पॅकमध्ये एसएमएस मोजकेच मिळतात. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांपर्यंत एकच धरतात, मराठीत ही मर्यादा ७० आहे, आणि काना, मात्रा, हलंत सगळं वेगवेगळं मोजतात. ‘शुभेच्छा’ या एका शब्दाची ८ अक्षरं होतात. ७०च्या वर गेलात की ६७-६७चे तुकडे पडतात आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. मी चार ओळींची कविता केली होती, ती काढली. उरलं ते असं: ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा. आज सकाळचा चहा मी करणार.’ मोकळ्या जागांसकट ४६. कवितेचं वाईट वाटलं नाही, यमक तसंही ओढूनताणून जुळवलं होतं.

वेळ लावताना १२ एएम आणि तारीख दुसऱ्या दिवसाची. वाढदिवस १८ला, तर १८ तारखेचे १२ एएम. पीएम ठेवलं असतं तर शुभेच्छा दुपारच्या जेवणाला आल्या असत्या.

आणि फोन चालू हवा. मेसेज आपल्याच फोनमध्ये थांबलेला असतो, कंपनीकडे नाही. पूर्वाने हे शेवटी सांगितलं. मी आधी बंद करून पाहिलं, तर फोन सुरू केल्यावरच मेसेज गेला. टेलिग्राममध्ये तो त्यांच्या सर्व्हरवर राहतो, त्यामुळे फोन बंद असला तरी चालतो, पण हिच्याकडे टेलिग्राम नाही आणि त्यासाठी हिचं नेट रात्रभर चालू ठेवायला मी तयार नव्हतो. फोन चार्जरला लावून चालू ठेवला. अनेक वर्षांत पहिल्यांदा.

मी घोरत होतो. बाराला हिचा फोन वाजला आणि ही ताडकन उठली. रात्री बाराला मेसेज म्हणजे कोणाचं तरी काहीतरी झालं, हा आमच्या पिढीचा हिशेब. चष्मा शोधला, वाचलं, आणि मला हलवलं.

“अहो, झोपेत मेसेज कसा पाठवलात?”

“आधीच लावून ठेवला होता.”

“आणि चहा आत्ता करताय की सकाळी?”

सकाळी केला. साखर जास्त झाली, तरी प्यायली.

इथपर्यंत मी चार तारे देणार होतो. नंतर लग्नाच्या वाढदिवसाला सकाळी सव्वासहाची वेळ लावली, ती उठते तेव्हाची, आणि बाराच्या ठोक्याचा नाद सोडला. आता भाडेकरूला महिन्याच्या एक तारखेला भाड्याची आठवण याच सोयीने जाते. तोंडावर मागायचा संकोच वाचतो. पण ‘दर महिन्याला’ अशी सोय नाही, प्रत्येक वेळी नव्याने लावावं लागतं, आणि प्रत्येक वेळी तो बाण दोनदा! परवा भाडेकरू म्हणाला, “सर, या महिन्यात आठवण आली नाही.” पाहिलं तर मेसेज चौकटीतच. अडीच तारे.