इअरफोनचा बेस गेला: रबर सैल, वायर उलटी की आतला स्पीकर खराब?

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला तो इअरफोन मुठीत धरूनच. "मामा, याच्यातला बेस कुठं गेला काय मालूम. नुसता पत्रा वाजल्यासारखा आवाज येते."

"काहून रे, पाण्यात पडला होता काय?"

"नाही जी. दुपारी वावरात चांगला वाजते. रात्री छतावर ऐकतो म्हटलं का बेस गायब."

खरं तर उत्तर त्याने तिथेच दिलं होतं, पण ते माझ्या ध्यानात यायला अर्धा तास लागला. ही तक्रार घेऊन माणूस तालुक्याच्या दुकानात गेला तर तिथे बहुतेक वेळा दोनच वाक्यं ऐकायला मिळतात: "वायर उलटी लागली असंल" किंवा "ड्रायव्हर गेला, नवीन घ्या." एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस घालवायच्या आधी घरीच कळू शकतं की दोष रबराचा आहे, वायरचा आहे की आतल्या स्पीकरचा, म्हणजे दुकानदार म्हणतो त्या ड्रायव्हरचा. तिघांचा आवाज कानाला सारखाच पातळ लागतो, पण तपासताना तिघंही वेगळे वागतात.

आधी रबर, कारण माझ्या हातात आलेल्या जोड्यांत सगळ्यात जास्त दोष त्याचाच निघाला. फवारणीचा जुना हातपंप आठवा. वायसर झिजला की दांडा हळू मारला तर दाब धरतच नाही, हवा बाजूने निसटते. झटक्याने मारला तर थोडाफार दाब येतो. कानात हेच होतं. बेसचा आवाज म्हणजे आतला पडदा सेकंदाला 50-60 वेळा, म्हणजे तसा सावकाश, हवा ढकलतो. रबर आणि कानाच्या भिंतीत फट असेल तर तेवढ्या वेळात हवा बाहेर निघून जाते. झांज, शिट्टी, 'स'चा उच्चार यांची कंपनं हजारोंच्या घरातली, त्यांना निसटायला वेळच मिळत नाही. म्हणून फट असली की आवाज सगळा कमी होत नाही, फक्त खालचा भाग गळून पडतो आणि वरचा पत्रा उरतो.

ओळखायचं कसं? गाणं चालू ठेवून दोन्ही इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. ढोलकी एकदम भरून आली आणि बोट काढताच पुन्हा पातळ झाली, तर फटीचा संशय पक्का धरा. दुसरी खूण तोंडाची. गाणं बंद करून, इअरफोन कानातच ठेवून 'म्‌म्‌म्‌' असा गुणगुणता आवाज काढा. रबर नीट बसलं असेल तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. ज्या बाजूला घुमत नाही तिथे गळती आहे. जबडा उघडल्यावर किंवा चावताना बेस येत-जात असेल तरी तेच.

दाबण्याच्या चाचणीला एक मर्यादा आहे. रबर नसलेला, नुसता प्लास्टिकचा, कानाच्या तोंडाशी अडकवायचा इअरफोन दाबला की बेस वाढतोच, तो कितीही चांगला असला तरी. तिथे दोष काही नसतो, ती जातच तशी उघडी. त्याला बेस नाही म्हणून दुरुस्तीला नेऊ नका.

भाच्याच्या जोडीला रबर होतं. दाबलं तर बेस आला, पण मला खात्री हवी होती, म्हणून कान बदलून पाहिले. त्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ चालू केला, म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी एकच आवाज जातो आणि गाण्यातल्या डाव्या-उजव्या फरकाने घोळ होत नाही. मग डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालायला सांगितलं.

"आता कोणत्या कानात पातळ?"

"उजव्याच."

तिढा सुटला. इअरफोन बदलले तरी दोष उजव्या कानालाच चिकटून राहिला. स्पीकर खराब असता तर तो इअरफोनबरोबर डाव्या कानात गेला असता. दोष कानाच्या मापाचा होता. दोन्ही कानांची भोकं सारखी असतात असं आपण धरून चालतो, पण अनेकांची नसतात. डब्यातली मोठी रबरं त्याने आईच्या शिवणाच्या डब्यात टाकली होती, ती शोधली. उजव्याला मोठं, डाव्याला होतं तेच मधलं. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा आणि इअरफोन थोडा फिरवत बसवायचा. बेस आला.

तेव्हा मला त्याचं पहिलं वाक्य आठवलं. दुपारी वावरात तो उन्हासाठी डोक्या-कानाला दुपट्टा करकचून बांधत होता. तो दुपट्टाच इअरफोन आत दाबून धरत होता. रात्री दुपट्टा सोडला की फट उघडी.

आता दोष इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला असता तर? तरीही स्पीकरला लगेच दोष द्यायचा नाही. मग फक्त रबरांची अदलाबदल करायची. रबराबरोबर दोष सरकला तर ते रबर चिरलेलं किंवा ताठर झालेलं असतं. घामाने आणि कानातल्या मळाने ते कडक होतं, तेव्हा नवीन रबरं घ्यावीत. जुना मळ जाळीत बसला असेल तर काय, असं विचाराल. तेव्हा आवाज दबका, गोधडीखालून आल्यासारखा होतो, आधी वरचा भाग जातो. पातळ पत्र्यासारख्या आवाजाची ती खूण नाही.

दुसरी जोडी भाच्याच्या मित्राची. त्याची तक्रार ऐकायला तीच, पण ह्या जोडीची पिन बाजारातल्या एका दुकानात बदललेली होती. ही माहिती मोलाची आहे, कारण वायर आपोआप उलटी होत नाही. कोणीतरी उघडून डाग दिलेला असतो, किंवा वायर सुटी होणारा इअरफोन असतो आणि त्याचं दोन काड्यांचं टोक एका बाजूला उलटं घातलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात टोक फिरवून घातलं की काम झालं, खर्च शून्य. यांपैकी काहीच झालं नसेल तर उलट्या वायरचा विचार जवळजवळ सोडूनच द्या.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. घरातल्या दोन बॉक्सपैकी एकाची वायर उलटी लागली तर बेस खरोखर मरतो, कारण दोघं एकाच खोलीतली हवा ढकलतात, एक पुढे, एक मागे, आणि मधे एकमेकांना खाऊन टाकतात. इअरफोनचं तसं नाही. प्रत्येक कानाची हवा वेगळी, त्यामुळे एका बाजूची वायर उलटी असली तरी त्या एका कानात बेस पूर्ण असतो. गडबड होते ती दोन्ही एकदम घातल्यावर. गायकाचा आवाज डोक्याच्या मधोमध बसत नाही, बाहेर कुठेतरी पसरतो, आणि सगळं पोकळ वाटतं. म्हणून चाचणी सोपी: एक-एक बाजू वेगळी ऐका. सुट्या सुट्या दोन्ही भरीव आणि एकत्र पोकळ, तरच वायर उलटी.

मित्राच्या जोडीत एक-एक बाजूही पातळच होती. आणि गाणं ऐकताना एक विचित्र गोष्ट: पाठीमागचं संगीत येत होतं, गाणारी बाई मात्र जवळजवळ नाहीशी. मोनो ऑडिओ चालू केला तर आवाज जवळपास बंदच झाला. माइक नसलेल्या साध्या पिनमध्ये हे कळलं की निदान जवळजवळ पक्कं होतं. ही उलटी वायर नाही, ही तुटलेली सामाईक वायर, म्हणजे ग्राउंड.

दोन्ही स्पीकरचा परतीचा रस्ता एकच असतो. तो तुटला की करंट डाव्या स्पीकरमधून थेट उजव्यात जातो आणि दोघांना मिळतो तो फक्त डाव्या-उजव्या आवाजातला फरक. गायकाचा आवाज आणि बेस बहुतेक गाण्यांत दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, म्हणून फरकात ते उरतच नाहीत. मोनोमध्ये तर फरकच शून्य.

मल्टीमीटर 200 ओहमवर लावला. पिनचं टोक आणि बुडाशी असलेला मोठा भाग यांच्यात मीटरच्या काचेवर डावीकडे नुसता '1' दिसला, म्हणजे तुटलेलं. टोक आणि मधलं कडं यांच्यात मात्र 33 ओहम. प्रत्येकी 16 च्या आसपासचे दोन स्पीकर एकामागे एक जोडले गेले की बेरीज तेवढी येते, त्यामुळे दोन्ही स्पीकर जिवंत आहेत हेही तिथेच कळलं. पिन उघडली तर तांब्याची सामाईक तार नुसती पिळून डाग दिलेली. ह्या तारांवर पारदर्शक लेप असतो, तो जाळल्याशिवाय डाग धरत नाही. वरून चिकटल्यासारखा दिसतो, आत जोड नसतो. तापलेल्या सोल्डरच्या थेंबात तारेचं टोक चार-पाच सेकंद बुडवून लेप जाळला, पुन्हा जोडलं, आणि गाणारी बाई परत आली.

चार भागांच्या माइकवाल्या पिनचा एक चकवा लक्षात असू द्या. असाच पोकळ आवाज येत असेल आणि कॉलचं बटण दाबून धरलं की गाणं नीट वाजत असेल, तर काही तुटलेलं नाही. फोन आणि इअरफोनच्या पिनमधला माइक आणि ग्राउंडचा क्रम वेगळा आहे. ज्या फोनचा क्रम जुळतो त्यावर तीच जोडी बरोबर वाजेल.

आतला स्पीकर खराब असण्याचं चित्र या दोघांपेक्षा वेगळं. दाबून बेस येत नाही, कान बदलले की दोष इअरफोनच्या मागे जातो, रबर बदलूनही तिथेच राहतो. बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो. आवाज कमी असताना चालून जातं, पण ढोल जोरात आला की पतंगाचा कागद फडफडल्यासारखं 'फर्र' येतं. पडदा दुमडला, फाटला किंवा घामाने खराब झाला की असं होतं. माझी स्वतःची एक जोडी ट्रॅक्टरच्या सीटवर उन्हात राहून अशीच गेली. मल्टीमीटर तिला 16 ओहम दाखवत होता, आणि इथेच लोक फसतात. मीटर फक्त आतली तार शाबूत आहे हे सांगतो, पडद्याची हालत सांगत नाही. आतली तार तुटली असती तर ती बाजू पातळ वाजली नसती, पूर्ण मुकी झाली असती.

पडदा गेला असेल आणि जोडी साध्या किमतीची असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका. वॉरंटी शिल्लक असेल तर पिन न कापता, काही न उघडता परत द्या, कापलेली वायर कोणी घेत नाही. वायरचा दोष असेल तर डाग देणारा माणूस बघा आणि लेप जाळायला सांगा. आणि दाबल्यावर बेस येत असेल तर बसस्टँडकडे निघायच्या आधी शिवणाचा डबा उघडून पाहा.