दुकानदार म्हणाला ‘फेल गेलं’, स्टेटमेंटला मात्र दोनदा १८,४५०

बेळगावात लग्नाचा बस्ता काढायला येणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा, खानापूर, निपाणी, चंदगडकडून येणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण गर्दीत हे असंच होतं आणि परत भांडायला यायला कुणाला वेळ नसतो.

खडेबाजारातल्या एका दुकानात १४ नोव्हेंबरला आम्ही साड्या घेतल्या, बिल एकच, १८,४५० रुपये. क्रेडिट कार्ड मशीनला लावलं, पिन टाकला, मशीन फिरत बसलं. काउंटरवरचा म्हणाला, “वहिनी, फेल गेलं बघा, नेटवर्क नाही, परत टाका.” परत पिन टाकला, स्लिप आली, आम्ही गाडीकडे. पहिल्या व्यवहाराचा मेसेज खानापूरच्या वाटेवर आला, दुसऱ्याच्या नंतर. लगेच दुकानात फोन केला तर म्हणे फेल झालेलं आपोआप परत येतं, काळजी करू नका.

आता इथं नीट लक्ष द्या. खरोखर फेल झालेला असेल, म्हणजे खात्यातून गेले पण दुकानात स्लिपच निघाली नाही, तर आरबीआयच्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला पाहिजेत, उशीर झाला तर रोजचे १०० रुपये बँकेनं द्यायचे. आमचे आलेच नाहीत, उलट स्टेटमेंटला दोन्ही ओळी पक्क्या होऊन आल्या. याचा अर्थ दुकानाच्या मशीनमध्ये पहिला व्यवहारही पास होता आणि रात्री सेटलमेंट करताना, म्हणजे दिवसभराचे व्यवहार बँकेकडं वसुलीला पाठवताना, दोन्ही गेले. सेटलमेंटच्या आधी तो त्याच मशीनवरून व्हॉइड म्हणजे रद्द करता येतो, नंतर रिफंडच टाकावा लागतो. फोन त्याच संध्याकाळी केलेला, तरी त्यानं व्हॉइड केलं नाही, माझा राग त्याचाच आहे.

पुढं म्हणाला “रिफंड टाकलाय.” मग एआरएन मागितला. रिफंड खरंच गेला असेल तर त्याला २३ आकडी एआरएन पडतो, तो दिला की आपली बँक पैसे कुठं अडकलेत ते शोधू शकते. त्याच्याकडे ना नंबर ना रिफंडची स्लिप. तेव्हा कळलं की हा नुसता दिवस काढतोय, कारण बँकेत तक्रार करायला मुदत असते आणि ती गेली की विषय संपला.

कस्टमर केअरला फोन केला की ते विचारतात “फ्रॉड आहे का?” पटकन हो म्हणू नका. फ्रॉड म्हटलं की कार्ड ब्लॉक होतं आणि तपासात पिन टाकलेला दिसतो, मग ‘व्यवहार तुम्हीच केलाय’ म्हणून फाइल बंद. आपली तक्रार वेगळी आहे, खरेदी एक आणि वसुली दोनदा, तेव्हा ‘डुप्लिकेट चार्ज’ हेच शब्द वापरा आणि तक्रार नंबर घ्या.

फोननंतर मेल केलाच. इंग्रजीत लिहिला, मजकूर साधारण असा:

“कार्डचे शेवटचे चार आकडे अमुक. १४ नोव्हेंबर, एकाच दुकानात, एकाच बिलासाठी १८,४५० रुपये दोनदा लागले, संध्याकाळी ६.४२ आणि ६.४७ ला. ६.४७ चा व्यवहार मला मान्य आहे, त्याची स्लिप, आरआरएन आणि अप्रूव्हल कोड सोबत. ६.४२ चा डुप्लिकेट आहे, त्याचे १८,४५० पूर्ण परत करावेत, त्यावर लागलेलं व्याज आणि जीएसटीही काढावा. तक्रार नाकारत असाल तर ६.४२ च्या व्यवहाराचं वेगळं बिल दुकानाकडून घेऊन मला पाठवावं.”

ते शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, कारण दुसरं बिल नव्हतंच तर दुकानदार दाखवणार कुठलं. आरआरएन म्हणजे स्लिपवरचा १२ आकडी नंबर, ज्या व्यवहाराची स्लिप नाही त्याचा बँकेकडून मागून घ्यायचा. दोन्ही ओळींचे आरआरएन वेगळे असतील तर कार्ड खरंच दोनदा चाललंय, एकच असेल तर एकच व्यवहार दोनदा चढलाय, दोन्हीकडे पैसे परत मागता येतात पण चूक कुठं झाली ते त्यावरून कळतं.

वादातले १८,४५० सोडून बाकीचं बिल ड्यू डेटच्या आत भरलं, नाहीतर लेट फी आणि क्रेडिट स्कोअरचं वेगळंच लागलं असतं. ग्राहकानं बिलावर आक्षेप घेतला की ३० दिवसांत बँकेनं खुलासा द्यायचा असतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर cms.rbi.org.in वर आरबीआयच्या लोकपालाकडं जाता येतं, पण आधी बँकेकडं लेखी तक्रार केलेली पाहिजे, नुसता फोन धरत नाहीत.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. दुकानाकडून दुसरं बिल आलं नाही म्हणून बँकेनं १८,४५० क्रेडिट केले, व्याज मात्र तसंच ठेवलं होतं, ते पहिल्या मेलमधली मागणी दाखवून परत मागितल्यावर निघालं.