आंबा-काजूच्या मोहोरासाठी घेतलेली क्लिपची मॅक्रो लेन्स: पाच महिन्यांनंतरचा अनुभव

मोबाईलवर चिमट्यासारखी बसणारी ही 15एक्स मॅक्रो लेन्स मी नोव्हेंबरात साडेपाचशे रुपयांना मागवली आणि काकांच्या हाती देवगडला पाठवली. मी दादरला राहतो. आमची हापूसची चाळीस आणि वेंगुर्ला-4 काजूची पंचवीस झाडे काका पाहतात, आणि फवारणी करायची की नाही हे त्यांनी पाठवलेल्या फोटोंवरून आम्ही फोनवर ठरवतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लेन्सच्या क्लिपची स्प्रिंग तुटली, विक्रेत्याने सुटी क्लिप देण्यास साफ नकार दिला आणि नवा संच घ्या असे सुचवले. त्या संतापात मी एक तारा देऊन हे लिहिणार होतो. आज एप्रिलमध्ये लिहिताना मत बदलले आहे, मात्र क्लिपबद्दलचा राग तसाच आहे.

लेन्सचा मूळ दोष अंतराचा आहे. चित्र स्पष्ट यायला ती फुलापासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरावी लागते, आणि इतक्या जवळ हात गेला की मोहोराचा रस शोषणारा प्रौढ तुडतुडा उडी मारून निघून जातो. पिल्ले उडू शकत नाहीत, पण ती तिरकी सरकत दांड्याच्या पाठीमागे लपतात. त्यामुळे डिसेंबरभर काकांनी पाठवलेल्या फोटोंत एकही तुडतुडा दिसला नाही आणि बाग स्वच्छ आहे असा माझा समज झाला. हा समज घातक होता. तुडतुडे मोजायचे असतील तर लेन्स काढून ठेवावी, मोहोराखाली पांढरा कागद धरून मोहोर दोनदा हलकेच झटकावा आणि कागदावर पडलेल्या किड्यांचा साधा फोटो तत्काळ काढावा. लेन्स हे काम करत नाही, आणि जाहिरातीत कीटकांचे फोटो छापणाऱ्यांनी हे सांगायला हवे.

मग ती कशासाठी चांगली आहे, हे मला 16 जानेवारीला कळले. त्या दिवशी काकांचा फोन आला, ‘‘सगळो मोहोर गळता, औषध मारूक व्हया.’’ मोहोर तेव्हा पूर्ण फुललेला होता. या अवस्थेत फवारणी करणे मला नको होते, कारण आंब्याचे परागीभवन माश्या आणि मधमाश्या करतात आणि औषधाने त्याच मरतात. पण काकांचे म्हणणे डावलण्याइतका पुरावाही माझ्याकडे नव्हता. म्हणून मी त्यांना एका फांदीखाली रात्री जुने धोतर पसरायला सांगितले आणि सकाळी त्यावर पडलेल्या फुलांचे लेन्सने फोटो मागवले.

आंब्याच्या एकाच मोहोरावर नर फुले आणि द्विलिंगी फुले अशी दोन्ही असतात. द्विलिंगी फुलाच्या मधोमध हिरवट-पिवळा मण्यासारखा अंडाशय असतो आणि त्याच्या बाजूने बारीक दांडीसारखा वाकडा कुक्षीवृंत निघतो. नर फुलात हा मणी नसतो. फळ फक्त मणी असलेल्या फुलालाच धरते, त्यामुळे नर फुले काम संपल्यावर गळणे हा झाडाचा नेहमीचा व्यवहार आहे. साध्या मोबाईल कॅमेऱ्यात हा मणी ठिपक्यासारखाही धड दिसत नाही, या लेन्समध्ये मात्र तो स्वच्छ दिसतो. मी फोटोंतून साठ फुले मोजली आणि त्यांतली चौपन्न बिनमण्याची निघाली. खालच्या पानांवर चिकटपणा नव्हता, फुलांच्या देठांवर पांढरी भुकटी नव्हती, काळे डाग नव्हते. आम्ही फवारणी केली नाही. पंधरा दिवसांनी त्याच फांदीवर कणी, म्हणजे मोहरीएवढी कोवळी फळे, धरलेली दिसली. पंपाचे पेट्रोल, दोन माणसांची मजुरी आणि औषध यांचा हिशेब केला, तर लेन्सची किंमत त्या एका सकाळीच वसूल झाली.

दुसरा प्रसंग 2 फेब्रुवारीचा. पूर्वेच्या गडग्याजवळची सहा झाडे दाट आहेत आणि त्यांच्या आत ऊन पोहोचत नाही. अशा सावलीत तुडतुडे जास्त राहतात. तिथल्या मोहोरावर काकांना पांढरे कण दिसले, त्यांनी तो भुरी हा बुरशीचा रोग मानला आणि गंधक काढून ठेवले. व्हॉट्सॲपवर आलेल्या साध्या फोटोत मलाही भुरीच वाटली. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि त्यात बारीक तपशील विरघळतो, म्हणून मी लेन्सचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले. ते उघडल्यावर प्रकार वेगळाच निघाला. भुरी असती तर देठावर आणि पाकळ्यांवर पिठासारखा सलग थर दिसला असता. इथे सुटे, पोकळ, पायांचे ठसे असलेले आणि पाठीवर उकललेले कवच होते. तुडतुड्यांची पिल्ले वाढताना टाकतात ती ही कात. दांड्याच्या बेचक्यात तीन जिवंत पिल्लेही होती, आणि खालच्या पानावर त्यांनी टाकलेल्या मधासारख्या द्रवाचे चमकते थेंब होते. त्या द्रवावर पुढे काळी बुरशी वाढते, पण तोपर्यंत ती आलेली नव्हती.

गंधकाने भुरी आटोक्यात येते, तुडतुडे नाहीत. त्या दिवशी गंधक मारले असते, तर पैसे गेले असते आणि किडीला आणखी आठवडा मिळाला असता. तिथे फुलोरा सरून कणी दिसू लागली होती, त्यामुळे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात त्या टप्प्याला तुडतुड्यांसाठी दिलेले औषध आम्ही फक्त त्या सहा झाडांवर मारले. एका झाडाचा खालचा मोहोर तरीही वाळला, कारण कात दिसते तेव्हा पिल्लांनी रस शोषायला सुरुवात करून बरेच दिवस झालेले असतात. लेन्स उशिरा सांगते, ही मर्यादा धरूनच चालावे लागते.

काजूसाठी ही लेन्स घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काजूचे ताजे फूल पांढरट असते आणि जुने होताना गुलाबी-लाल होते. ते कळायला साधा फोटो पुरतो, आणि सुरुवातीला मी त्या गुलाबी रंगालाच रोग समजलो होतो. काजूचा मोहोर काळपट होऊन सुकला तर बहुधा ढेकण्या जबाबदार असतो, आंब्यावरचा तुडतुडा नव्हे. ढेकण्याने सोंड खुपसलेल्या जागी तपकिरी, लांबट चट्टा पडतो आणि तिथेच डिंकाचा थेंब साकळतो. तुडतुड्याचा चिकट द्रव मात्र खालच्या पानांवर पसरलेला असतो. हा फरक हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोतही ओळखता येतो.

आता क्लिप. काका जाड रबरी कव्हर वापरतात. त्यावर ती बसत नाही, म्हणून दर वेळी कव्हर काढावे लागते, आणि झाडावर उभे राहून एका हाताने ते करणे धोक्याचे आहे. स्प्रिंग तुटल्यापासून काका लेन्स मुख्य कॅमेऱ्यावर धरून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधतात. पट्टी घसरली की चित्राची एक कड काळी होते. वारा असेल तर मोहोर हलतो आणि दहांतले सात फोटो वाया जातात, म्हणून काका आता सकाळी वारा पडलेला असतानाच जातात आणि मोहोराचा दांडा दुसऱ्या हाताने स्थिर धरतात.

काचेला चार तारे देतो, क्लिपला एकही नाही. पुढच्या नोव्हेंबरात बोंगे फुटायच्या आधी मी दुसरी लेन्स घेईन, पण ती क्लिपऐवजी कव्हरलाच आटे पाडून फिरवून बसवण्याची असेल, आणि सुटा भाग मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घेईन.