सीसी करू की बीसीसी? आणि रिप्लाय-ऑल गेलाच तर काय

सोसायटीच्या कमिटीत कोणी नवीन सेक्रेटरी आला की पहिल्या महिन्यातच हा प्रश्न येतो. 84 फ्लॅट्स, त्यातले निम्मे मालक बाहेरगावी, नोटीस मेलने पाठवायची, मग सगळ्यांचे पत्ते To मध्ये टाकू, सीसीत टाकू की बीसीसीत? ऑफिसमध्ये प्रश्न थोडा वेगळा असतो, साहेबांना सीसीत ठेवू की गुपचूप बीसीसीत. वरवर दोन्ही एकच वाटतात पण उत्तरं अगदी उलटी आहेत, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी आत काय होतं ते थोडक्यात. To आणि सीसीमधली नावं मेलवर छापलेली असतात, ज्याला मेल मिळाला त्या प्रत्येकाला ती दिसतात. बीसीसीतले पत्ते तुमचा सर्व्हर फक्त पोचवण्यापुरते वापरतो, To आणि सीसीवाल्यांच्या प्रतीत ते नसतातच. म्हणजे समोरच्याने कितीही खोदलं तरी त्याच्या प्रतीत बीसीसीची यादी सापडणार नाही. ती तुमच्या Sent फोल्डरमध्ये मात्र दिसते, त्यामुळे कोणाकोणाला पाठवलं होतं हे नंतर बघायचं असेल तर तिथे बघा.

यातूनच रिप्लायचं गणित येतं, आणि निर्णय खरं तर यावरच घ्यायचा असतो. सीसीतल्या माणसाला पुढच्या सगळ्या उत्तरांमध्ये जागा मिळते, कारण Reply all दाबलं की तो आपोआप येतो. बीसीसीतल्याला तो एकच मेल मिळतो, पुढे दहा उत्तरं झाली तरी त्याला पत्ता नाही. म्हणून "मॅडमना सगळं कळत राहावं म्हणून बीसीसीत ठेवलंय" याला काही अर्थ नाही, मॅडमना पहिलं वाक्य कळेल आणि पुढचं भांडण कळणारच नाही.

सोसायटीची नोटीस: इथे बीसीसीच

जिथे यादीतले लोक एकमेकांशी बोलायला जमलेले नाहीत, फक्त माहिती घ्यायची आहे, तिथे बीसीसी. पाणी बंद, एजीएमची नोटीस, लिफ्टचं काम. To मध्ये सोसायटीचा स्वतःचाच पत्ता टाकायचा, बाकी 84 बीसीसीत. याचे दोन फायदे. एक, B विंगवाल्याचा पर्सनल ईमेल A विंगवाल्याच्या हाती लागत नाही (तुम्हाला यात काही वाटत नसेल, पण एखादा इन्शुरन्स एजंट सभासद असतोच). दुसरा फायदा जास्त मोठा, कोणी Reply all दाबलं तरी उत्तर फक्त तुमच्याकडेच येतं, कारण त्याच्या मेलवर बाकी कोणी आहेच कुठे.

तोटेही आहेत. असा मेल स्पॅममध्ये जायची शक्यता जरा वाढते. आणि मुख्य तोटा असा की सगळा भरवसा तुमच्या हातावर, एकदा घाईत यादी बीसीसीऐवजी To मध्ये पेस्ट झाली की झालं. ब्रिटनच्या संरक्षण खात्याचं हेच झालं होतं. सप्टेंबर 2021, काबूल तालिबानकडे गेलेलं, ब्रिटिशांसाठी काम केलेले अफगाण लोक तिथून निघायची वाट बघतायत, आणि खात्याने अशा 245 जणांना एक मेल पाठवला, सगळे पत्ते To मध्ये. 55 जणांचे प्रोफाइल फोटोही त्यात दिसत होते. त्यात दोघांनी रिप्लाय-ऑल केलं आणि एकाने आपण कुठे आहोत तेही लिहून टाकलं. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या डेटा नियामकाने, आयसीओने, साडेतीन लाख पौंडांचा दंड लावला. त्यांचा सल्लाही साधा होता: माहिती नाजूक असेल तर बीसीसीवर विसंबू नका, प्रत्येकाला वेगळा मेल जाईल अशी व्यवस्था वापरा.

सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर पाणी बंदची नोटीस बीसीसीने चालेल, पण मेंटेनन्स थकबाकीदारांची यादी नाही. तिथे मेल मर्ज वापरा, एक्सेलमध्ये नाव, फ्लॅट, थकबाकी आणि ईमेल, आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या आकड्याचा मेल. अर्धा तास जास्त जातो, जाऊ दे.

साहेबांना गुपचूप: इथे बीसीसी नकोच

आता ऑफिसची गोष्ट. व्हेंडरला कडक मेल लिहिताय, साहेबांना दाखवायचंय पण व्हेंडरला कळू नये असं वाटतंय, म्हणून साहेब बीसीसीत. धोका असा की बीसीसीतल्या माणसाला Reply all दाबता येतं, आणि त्याने दाबलं की उत्तर To आणि सीसीतल्या सगळ्यांना जातं. साहेब गाडीत बसलेत, मोबाईलवर मेल उघडला, आणि घाईत लिहिलं "बरोबर बोललास, यांना पुढच्या महिन्यात काढूनच टाकू". गेलं व्हेंडरकडे. आता व्हेंडरला दोन गोष्टी कळल्या, एक त्याला काढणार आहेत आणि दुसरी तुम्ही लपून साहेबांना दाखवत होतात. दुसरी जास्त महाग पडते.

जीमेलमध्ये नावाखालच्या बारीक ओळीवर टॅप केलं की bcc: me असं दिसतं, म्हणजे ओळखायची सोय आहे, पण ती ओळ मुद्दाम उघडून बघणारा साहेब मी तरी अजून पाहिलेला नाही.

यापेक्षा फॉरवर्ड बरा. मेल व्हेंडरला पाठवा, मग Sent मधून तोच साहेबांना फॉरवर्ड करा, वर एक ओळ, "माहितीसाठी, उत्तर द्यायची गरज नाही". आता साहेबांनी कितीही वेळा Reply all दाबलं तरी ते तुमच्याकडेच येणार. एक क्लिक जास्त, पण बीसीसीचं सगळं काम होतं आणि धोका शून्य. आणि साहेब आहेत हे व्हेंडरला कळलेलं चालणार असेल तर मग सरळ सीसी, लपवायचंच कशाला. फक्त सीसी म्हणजे दबाव हेही लक्षात ठेवा, सहकाऱ्याच्या पहिल्याच चुकीला त्याच्या मॅनेजरला सीसी केलंत तर तो पुढच्या वेळी तुमच्याशी मेलवरच बोलेल, चहावर नाही.

ऑफिसात बीसीसी शोभते ती एकाच ठिकाणी, ओळख करून देणाऱ्या माणसाला सुटका देताना. मित्राने तुमची एखाद्या कंपनीतल्या बाईंशी मेलवर ओळख करून दिली, तर उत्तर देताना मित्राला बीसीसीत टाका आणि पहिल्या ओळीत उघड लिहा की त्याला बीसीसीत घेतोय. त्याला कळतं की काम झालं, आणि पुढचे वीस मेल त्याच्या डोक्याशी येत नाहीत.

रिप्लाय-ऑल गेला, आता

समजा सेक्रेटरींनी नोटीस बीसीसीऐवजी सीसीने पाठवली आणि B-402 वाल्यांना फक्त सेक्रेटरींना लिहायचं होतं, "301 वाल्यांचे पैसे कधी वसूल करणार, दर वर्षी नाटकं असतात त्यांची". Reply all दाबलं गेलं. 84 घरी पोचलं, 301 धरून.

पहिले काही सेकंद. जीमेलमध्ये खाली Undo दिसतं, पण मुळात सेटिंग 5 सेकंदांचं असतं आणि चूक लक्षात यायला साधारण सहावा सेकंद लागतो. Settings मध्ये Undo Send ला 30 सेकंद करून ठेवा, यापेक्षा जास्त मिळत नाही. हे खरं तर मेल परत आणणं नाहीच, गूगल तो तेवढा वेळ पाठवतच नाही, म्हणून एकदा वेळ संपली की संपलं.

आउटलुकचं Recall आणि हे, दोन्ही एकच समजू नका. रिकॉल चालतं ते तुमच्याच कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सिस्टिममधल्या लोकांपुरतं. बाहेरच्या माणसाकडे, जीमेलवाल्याकडे, मूळ मेल जागच्या जागी राहतो आणि वर तुम्ही तो परत मागवताय असा दुसरा मेल येऊ शकतो, म्हणजे ज्याने वाचला नव्हता तोही आता मुद्दाम उघडून वाचणार. कंपनीतल्या कंपनीत असेल तर करून बघा, यादीत बाहेरचा एकही असेल तर सोडा.

आता नुकसान किती ते बघायचं. "ओके, थँक्स" सगळ्यांना गेलं असेल तर काहीही करू नका, सॉरीचा दुसरा मेल पहिल्यापेक्षा जास्त त्रास देतो. कागद गेला असेल तर तो अटॅचमेंट होता की ड्राइव्हची लिंक हे बघा. लिंक असेल तर नशीबवान आहात, मेल तिथेच राहू दे, फाइलचं शेअरिंग काढा, ज्यांनी डाउनलोड केली नसेल त्यांच्यासाठी दार बंद. अटॅचमेंट असेल तर डिलीट करायची विनंती करण्यापलीकडे हातात काही नाही, आणि ज्यांची माहिती गेली त्यांना आपणहून कळवावं लागतं, त्यांना शेजाऱ्याकडून कळण्याआधी.

आणि B-402 सारखं माणसाबद्दल गेलं असेल तर आधी फोन, 301 लाच, सगळ्यांना मेल करण्याच्या आधी. "रागात लिहिलं, सेक्रेटरींना लिहायचं होतं" हे फोनवर सांगू नका, त्याचा अर्थ पाठीमागे असंच बोलतो असा होतो. "मी लिहिलं ते चुकीचं होतं, सॉरी" एवढंच. मग सगळ्यांना एक नवा मेल, जुन्याला जोडून नाही, नाहीतर ते वाक्य खाली परत छापून जातं. असा काहीतरी:

"माझ्या मघाशीच्या मेलमध्ये 301 बद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं. त्यांच्याशी बोलून माफी मागितली आहे. कृपया तो विषय इथेच थांबवावा."

टायपो झाला, मोबाईलवरून चुकून गेलं, मुलाने दाबलं, असली कारणं नकोत, कोणी विश्वास ठेवत नाही.

एवढं करूनही मागून "मला या यादीतून काढा" चे मेल सुरू होतात, तेही रिप्लाय-ऑलने, मग कोणीतरी सगळ्यांना लिहितो की कृपया सगळ्यांना लिहू नका. त्यात पडू नका. जीमेलमध्ये Mute, आउटलुकमध्ये Ignore, आणि गप्प. सेक्रेटरींनी मात्र तोच धागा सोडून बीसीसीने नवी नोटीस काढावी, नवीन विषय ओळीसह, आणि जीमेलच्या Settings मध्ये Default reply behavior कुठे आहे ते बघून घ्यावं, तिथे Reply all निवडलेलं असेल तर Reply करून टाकावं, आणि पान संपतं तिथे Save Changes दाबायला विसरू नये, नाहीतर काही बदलत नाही.